दहा लाख सीझन, तरी भाव चुकीचा

“संगणकावर दहा हजारांऐवजी दहा लाख वेळा सीझन खेळवला, की टॉप-फोर आणि रेलिगेशनचे सट्ट्याचे भाव अचूक येतात ना?”

नाही. समजा, प्रीमियर लीगमधला एखादा संघ १०,००० पैकी २,००० सीझनमध्ये शेवटच्या तिघांत आला, म्हणजे रेलिगेट झाला. शक्यता २० टक्के, म्हणून भाव १ भागिले ०.२, म्हणजे ५.०. यात निव्वळ योगायोगाची चूक साधारण ०.४ टक्के इकडे-तिकडे, म्हणजे शक्यता १९.६ ते २०.४ टक्के आणि भाव ४.९ ते ५.१. सीझन वाढवले की फक्त हीच घटते.

खरी गोची संघाच्या ताकदीच्या अंदाजात आहे. तोच आकडा दर वेळी वापरला, तर बलाढ्य संघ कोसळण्याची शक्यता फारच कमी दिसते. (चेल्सी २०१४-१५ ला विजेते, पुढच्याच सीझनला दहावे!) म्हणून प्रत्येक सीझन सुरू करताना ताकद थोडी वर-खाली करून घ्यावी, मग मोठ्या संघाची टॉप-फोरची शक्यता घटते आणि भाव वाढतो.