बेपत्ता विमेदार आणि सात वर्षांचा नियम

‘माझे पती अमुक तारखेपासून बेपत्ता असून त्यास सात वर्षे पूर्ण झाली आहेत. पोलिसांचा दाखला सोबत जोडला आहे. तरी विम्याची रक्कम मिळावी, ही विनंती.’ बेपत्ता माणसाच्या विम्यासाठी लिहिलेला अर्ज साधारण असाच असतो. त्यातला शब्द न् शब्द खरा असूनही पुष्कळदा पूर्ण रक्कम हाती येत नाही. असं का होतं हे कळायला ही सात वर्षं आली कुठून, ते पाहावं लागतं.

आपल्याकडे जुन्या धर्मशास्त्रात बारा वर्षं वाट पाहण्याची रीत होती. त्यानंतर गवताचा किंवा पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि सुतक धरायचं. अर्थात घरच्यांनी मानलं तर! पानिपतावरून सदाशिवरावभाऊ परतले नाहीत, तरी पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत वैधव्य मानलं नाही, आणि पुढे भाऊंचा तोतयाही उभा राहिला. मुस्लिम कायद्याच्या हनफी परंपरेत तर बेपत्ता माणसाच्या जन्मापासून नव्वद वर्षं होईपर्यंत थांबायला सांगितलं होतं.

सात हा आकडा इंग्लंडचा. 1603 च्या द्विभार्याविषयक कायद्यात नवरा किंवा बायको सात वर्षं समुद्रापार असेल, तर मागे राहिलेल्याने दुसरं लग्न केलं तरी त्याला शिक्षेतून सूट होती. 1666 चा कायदा जमिनीसाठी झाला. त्या काळी जमिनीचे पट्टे कुणा एका माणसाच्या हयातीपुरते दिले जात. तो माणूस परदेशी निघून गेला की कूळ म्हणायचं, ‘तो आहे जिवंत’, आणि मालकाला जमीन परत मिळायची नाही. म्हणून ठरलं की सात वर्षं तो दिसला नाही आणि जिवंत असल्याचा पुरावाही आला नाही, तर तो मेला असं धरायचं. म्हणजे आज एखादी बाई ज्या नियमाच्या आधारे विमा मागते, तो मुळात जमीनमालकांची अडचण सोडवायला जन्मला. पुढे 1805 मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने या दोन्ही कायद्यांच्या धर्तीवर सात वर्षांचं गृहीतक इतर दाव्यांनाही लावलं.

आपल्याकडे ते 1872 च्या भारतीय पुरावा कायद्यातून आलं. कलम 107 प्रमाणे तीस वर्षांच्या आत जिवंत असलेला माणूस मेला, असं म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. कलम 108 त्याला अपवाद करतं. माणूस जिवंत असता तर त्याची खबर ज्यांना सहज लागली असती, अशांना सात वर्षं ती लागली नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर जाते. हा प्रश्न पुराव्याचा आहे, तो धर्मशास्त्राने ठरणार नाही, या भूमिकेतून अलाहाबाद उच्च न्यायालयाने 1884 मध्ये नव्वद वर्षांचा नियम बाजूला ठेवून कलम 108 लावलं.

हे कलम नीट वाचलं की दोन गोष्टी दिसतात. मोजणी शेवटची खबर लागली तिथून सुरू होते. पोलिसांतली नोंद हा त्या खबरीचा पुरावा आहे, मोजणीचा आरंभ नव्हे. म्हणून माणूस गेल्यावर तीन-चार दिवसांत केलेली ‘मिसिंग’ची नोंद वजनदार ठरते, आणि दोन वर्षांनी केलेली असेल तर मधल्या काळात खबर नव्हती हे नातेवाइकांना वेगळं दाखवावं लागतं. दुसरी गोष्ट अधिक महाग पडणारी आहे. कलम फक्त माणूस मेला असं धरू देतं. तो कधी मेला, याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

या दुसऱ्या मुद्द्यावर 1870 मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने आणि 1925 मध्ये भारतातल्या एका दाव्यात प्रिव्ही कौन्सिल या लंडनमधल्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की मृत्यूची तारीख गृहीत धरता येत नाही. ज्याचा हक्क तारखेवर उभा आहे, त्याने ती सिद्ध करायची. वारसाहक्काच्या भांडणातला हा मुद्दा विम्यात आणखी टोचतो, कारण विमा हप्त्यांवर जगतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वीस वर्षांची, चार लाखांची, बोनस मिळणारी पॉलिसी जून 2008 मध्ये सुरू झाली. वार्षिक हप्ता चार वेळा भरला, शेवटचा जून 2011 मध्ये. विमेदार 14 मार्च 2012 ला घरातून गेला आणि 17 तारखेला मिसिंगची नोंद झाली. जून 2012 चा हप्ता कोण भरणार? घर चालवायचीच मारामार. सात वर्षं 14 मार्च 2019 ला भरली, दिवाणी न्यायालयाने 2020 मध्ये मृत्यू गृहीत धरल्याचा हुकूम दिला, आणि पत्नीने अर्ज केला. कंपनी विचारते, तो जून 2012 च्या आधी, पॉलिसी चालू असताना मेला याचा पुरावा काय? पुरावा नसेल, तर पॉलिसी हप्ता चुकल्यापासून ‘पेड-अप’, म्हणजे भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणातच रक्कम देणारी धरली जाते. विसातले चार हप्ते भरले, म्हणून चार लाखांचा पाचवा हिस्सा, म्हणजे 80,000 रुपये आणि तोवर जमलेला बोनस. हप्ते चालू ठेवले असते तर पूर्ण चार लाख आणि बोनस. शुद्ध मुदत विमा असता, तर त्याला पेड-अप मूल्यच नसल्याने हातात शून्य.

नेमका हाच वाद आयुर्विमा महामंडळ विरुद्ध अनुराधा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. 2004 च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की हे गृहीतक प्रश्न न्यायालयापुढे किंवा तशा अधिकाऱ्यापुढे येतो तेव्हाच उभं राहतं आणि ते बेपत्ता झाल्याच्या तारखेपर्यंत मागे नेता येत नाही. हप्ते थांबलेल्या पॉलिसीवर पेड-अप मूल्यच देऊ, ही महामंडळाची भूमिका ग्राह्य धरली गेली. कायद्याच्या दृष्टीने निकाल पक्का आहे. पण ज्या घरातला कमावता माणूस गेला त्याच घराने सात वर्षं त्याचा हप्ता भरायचा, ही अपेक्षा मला तरी कठोर वाटते.

गोंधळात भर घालते ती सरकारी नोकरांची कुटुंब निवृत्तिवेतनाची सवलत. केंद्राने 1986 मध्ये ती पोलिसांतल्या तक्रारीनंतर एका वर्षाने देऊ केली आणि पुढे मुदत सहा महिन्यांवर आणली. त्यामुळे ‘पेन्शन मिळाली, मग विमा का नाही?’ असं अर्जात लिहिलेलं दिसतं. पेन्शन हमीपत्र घेऊन दिली जाते, माणूस परतला तर थांबवता येते. मृत्यू झाला असं त्यात कुणी ठरवत नाही. विम्याच्या दाव्यात तेच ठरवायचं असतं.

1 जुलै 2024 पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. जुनं 107 आता 110 झालं आणि 108 चं 111. सात वर्षं तीच राहिली आणि तारखेबद्दलचं मौनही.

तारीख दाखवता आली, तर मात्र सात वर्षांचा प्रश्नच मिटतो. जून 2013 मध्ये केदारनाथच्या पुरात बेपत्ता झालेल्यांसाठी वेगळी पद्धत ठरवून मृत्यूचे दाखले दिले गेले, कारण माणूस कुठे होता आणि त्या दिवशी तिथे काय झालं हे माहीत होतं. घरगुती प्रकरणात असा पुरावा असलाच तर तो पोलिसांच्या फाइलमध्ये पडून असतो, म्हणजे नदीकाठी सापडलेल्या चपलांचा पंचनामा किंवा त्याला शेवटचं पाहिलेल्या नावाड्याचा जबाब. अर्जाला जोडलेल्या ‘तपास लागला नाही’ या एका ओळीच्या दाखल्यात तो उतरत नाही. त्याच्या नकला वेगळ्या मागून घ्याव्या लागतात.