बाहीची रेघ मिटवताना

अर्ध्या बाह्या घालून रोज लोकल आणि रिक्षाने फिरणाऱ्या मुंबईकरांच्या हाताला दोन रंग असतात. कोपराच्या थोडं वर एक रेघ, तिच्या खाली उन्हाने काळवंडलेला हात आणि वर झाकलेला उजळ दंड. शनिवारी लग्नात स्लीव्हलेस ब्लाउज घालायचा असेल, तर सेल्फ टॅनर लावून उजळ भाग खालच्या रंगापर्यंत आणता येतो. मात्र तो लावायचा बेत मंगळवारीच आखावा लागतो.

या उत्पादनांतला कामाचा घटक म्हणजे डायहायड्रॉक्सिॲसिटोन, म्हणजेच डीएचए ही साधी साखर. त्वचेच्या सगळ्यात वरच्या, मृत पेशींच्या थरातल्या अमिनो आम्लांशी तिची अभिक्रिया होऊन तपकिरी रंगद्रव्यं तयार होतात. भाकरीवर खरपूस डाग पडतात तेही याच जातीच्या अभिक्रियेने. रंग त्या पेशींनाच बांधला जात असल्याने साबणाने धुऊन निघत नाही. पेशी झडतात तसा तो साधारण ५ ते ७ दिवसांत उतरतो. थर जाड किंवा कोरडा असेल तिथे रंग जास्त धरतो, म्हणून कोपर, गुडघे आणि बोटांची पेरं आधी काळी पडतात.

नारिंगी झाक येते ती बहुधा त्वचेला पेलवेल त्याहून जास्त डीएचए लावल्याने. ‘डार्क’ लिहिलेल्या बाटलीत त्याचं प्रमाण जास्त असतं, आणि उजळ दंडावर तीच बाटली सगळ्यात वाईट दिसते. आपल्याकडच्या पिवळसर-गव्हाळ वर्णाला हिरवट बेसचा ‘मीडियम’ बरा, कारण हिरवा लालसर-नारिंगीपणा दाबतो. पण हा बेस वरवरचा असतो, पहिल्या धुण्यात जातो. खरा रंग टिकतो तो डीएचएचाच, म्हणून कमी ताकदीचे दोन हात हे जास्त ताकदीच्या एका हातापेक्षा केव्हाही भले.

मूस पटकन वाळतो, त्याचा तात्पुरता रंग कुठे लागलं ते दाखवतो, पण मिट म्हणजे पसरवायच्या मऊ हातमोज्याशिवाय आणि घाईशिवाय तो जमत नाही. लोशन सावकाश वाळतं, त्यामुळे चूक सुधारायला वेळ मिळतो. आपल्याला हवा तो रंग आधीच हातावर आहे आणि त्याच्याशी जुळवायचं आहे, तेव्हा मॉइश्चरायझरमध्ये मिसळायचे ड्रॉप्स सोयीचे. मात्रा हळूहळू वाढवता येते. तोटा असा की त्यांना सहसा तात्पुरता रंग नसतो, म्हणून राहिलेली जागा तेव्हा दिसत नाही.

मंगळवारी रात्री चमचाभर साध्या, बिनतेलकट मॉइश्चरायझरमध्ये ४ थेंब मिसळून दंडाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा ठिपका लावा. खाज आली नाही तर २४ तासांनी खिडकीच्या उजेडात त्याची खालच्या हाताशी तुलना करा. फिका वाटला तर ६ थेंब घ्या. वॅक्सिंग बुधवारीच उरका. ताज्या वॅक्सनंतर उघड्या रोमछिद्रांत रंग साचून काळे ठिपके दिसतात. गुरुवारी अंघोळीत ओल्या खरखरीत कापडाने दंड घासा. तेल लावू नका, त्याचा पापुद्रा डीएचए अडवतो आणि तिथे चट्टे राहतात. साबण पूर्ण धुवा. त्याचा क्षारीय अंश राहिला तर रंग भगव्याकडे झुकतो.

गुरुवारी रात्री, अंग पूर्ण कोरडं झाल्यावर, हातमोजे घालून सुरू करा. कोपराला आधी थोडं नुसतं मॉइश्चरायझर लावा. मिश्रण खांद्यापासून खाली गोलाकार पसरवा आणि रेघेच्या बोटभर वर थांबा. मग मोज्यावर वाटाण्याएवढं नुसतं मॉइश्चरायझर घेऊन उरलेलं मिश्रण रेघेपर्यंत ओढा. थेट रेघेपलीकडे गेलात तर आधीच काळ्या हातावर तिसरी, सगळ्यांत गडद पट्टी उमटते. काखेत लावू नका.

इथे मुंबईची हवा आडवी येते. रंग २ ते ४ तासांत दिसू लागतो आणि २४ तासांपर्यंत पक्का होत जातो. त्या आधीच घाम आला तर थेंब वाहतात आणि दंडावर उभ्या रेघा उमटतात. पंखा किंवा एसी लावून १५ मिनिटं हात मोकळे ठेवा, मग ढगळ सुती कपडा घाला, आणि निदान ६ तास पाणी लागू देऊ नका. सकाळी नुसत्या पाण्याने धुवा, पुसताना टॉवेल टिपा, घासू नका. रंग फिका वाटला तर शुक्रवारी रात्री मिश्रणाचा दुसरा हात द्या.

हा रंग उन्हापासून वाचवत नाही. शिवाय लावल्यानंतरचे २४ तास तरी उन्हात जाणं टाळा, कारण डीएचए लावलेल्या त्वचेवर ऊन पडलं की त्वचेला इजा करणारे फ्री रॅडिकल्स जास्त तयार होतात. सनस्क्रीन लागतंच. पट्टी उठलीच तर तिच्यावर खोबरेल तेल चोळून १५ मिनिटं ठेवा आणि ओल्या कापडाने हलकेच घासा. एका झटक्यात जाणार नाही, पण दोन-तीन अंघोळींत कडा विरतात.