पदवण्णना : अट्ठकथांतील शब्दार्थ आणि त्यांची पारख

तिपिटक म्हणजे पाली भाषेतील बौद्ध धर्मग्रंथांचा संग्रह आणि अट्ठकथा म्हणजे त्यावरील भाष्य. तिपिटकातील अवघड पदाचा अर्थ अट्ठकथा ज्या छोट्या वाक्यांत सांगते, त्या भागाला पदवण्णना म्हणतात. आज आपल्या हाती असलेल्या प्रमुख अट्ठकथा इसवी सनाच्या पाचव्या शतकात आणि त्यानंतर पाली भाषेत लिहिल्या गेल्या. बुद्धघोषाने श्रीलंकेतील अनुराधपूरच्या महाविहारात बसून तिथल्या जुन्या सिंहली अट्ठकथांच्या आधारे सुत्तांच्या म्हणजे उपदेशांच्या चार निकायांवर, म्हणजे संग्रहांवर, भाष्ये रचली. उदान, थेरगाथा वगैरे ग्रंथांवरील भाष्ये धम्मपालाची आहेत. म्हणजे मगधातल्या एखाद्या शब्दाचा अर्थ सांगणारा भाष्यकार त्या शब्दापासून सुमारे नऊशे वर्षे दूर आहे. पण त्याच्यासमोर आज नष्ट झालेले ग्रंथ आणि पाठांतराची अखंड परंपरा होती. त्यामुळे त्याचे म्हणणे टाकून देता येत नाही आणि जसेच्या तसे उचलताही येत नाही.

पदवण्णनेची ठेवण ठरलेली असते. मूळ पद उचलून त्याला ‘ति’ जोडतात आणि पुढे अर्थ देतात. ‘ति’ लागताना शब्दाचा शेवट बदलतो. अनुस्वाराचा ‘न्’ होतो (सूकरमद्दवं – सूकरमद्दवन्ति) आणि ऱ्हस्व स्वर दीर्घ होतो (भिक्खु – भिक्खूति). संगणकावर अट्ठकथा शोधणाऱ्याने हे बदललेले रूपच टंकायला हवे, नाहीतर समोर असलेला अर्थही सापडत नाही. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनात, म्हणजे सहाव्या बौद्ध संगीतीत, तपासलेला तिपिटक, अट्ठकथा आणि टीका म्हणजे अट्ठकथांवरील पुढची भाष्ये यांचा संग्रह देवनागरीत उपलब्ध केला असल्याने मराठी वाचकाला हा शोध आपल्या लिपीत घेता येतो.

दुसरी अडचण जागेची. भाष्यकार एकदा सांगितलेला अर्थ सहसा पुन्हा सांगत नाही, तो ‘अपुब्बपदवण्णना’ म्हणजे नव्याने आलेल्या पदांचेच वर्णन करतो. मज्झिमनिकायाच्या एखाद्या सुत्ताखाली शब्द नसेल, तर तो ‘उत्तान’ म्हणजे उघड अर्थाचा म्हणून सोडलेला असतो किंवा आधीच्या सुत्तात, दीघनिकायाच्या अट्ठकथेत वा बुद्धघोषाच्याच विसुद्धिमग्ग या ग्रंथात येऊन गेलेला असतो. भाष्य गप्प आहे म्हणून परंपरेला अर्थ माहीत नव्हता, असा निष्कर्ष इथे फसतो.

अर्थाच्या शेवटी कोणते शब्द आहेत, ते नीट पाहावे. नुसता पर्यायशब्द दिला असेल तर तो शब्दार्थ. ‘ति वुत्तं होति’ किंवा ‘ति अधिप्पायो’ असे असेल तर भाष्यकार वाक्याचा आशय सांगतो आहे, त्या एका पदाचा अर्थ नव्हे. हा आशय कोशार्थ म्हणून उचलणे ही नवख्या अनुवादकाकडून सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. ‘किर’ म्हणजे ‘असे म्हणतात’. ‘अथ वा’ आले की दुसरा पर्याय सुरू होतो. ‘एके’, ‘केचि’, ‘अपरे’ यांच्या नावावर दिलेली मते भाष्यकाराची स्वतःची नसतात. ‘तिपि पाठो’ दिसले तर भाष्यकारासमोरच दोन पाठ होते, हे समजावे.

भाष्यकाराने केलेली फोड नेहमीच व्युत्पत्ती नसते. विसुद्धिमग्गात ‘संसारे भयं इक्खतीति भिक्खु’ अशी फोड आहे : संसारात भय पाहतो तो भिक्खु. शब्दाचे मूळ मात्र भीक मागण्याच्या धातूत आहे. विनयाच्या, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या, सुत्तविभंग या ग्रंथातल्या पदभाजनीयात, म्हणजे तिपिटकाच्या आतच सामावलेल्या जुन्या शब्दभाष्यात, ‘भिक्खकोति भिक्खु’ असा साधा अर्थ पहिलाच येतो. जुना थर आणि नवा थर इथे शेजारी ठेवून पाहता येतात. नंतरची फोड खोटी नाही, ती ध्यान करणाऱ्याला उद्देशून केलेला उपदेश आहे. तिच्याकडून शब्दाचा इतिहास मागितला की गोंधळ होतो.

पारख कशी करायची, हे सतिपट्ठानसुत्ताच्या सुरुवातीच्या ‘एकायनो अयं, भिक्खवे, मग्गो’ या वाक्यावर चांगले दिसते. मराठीत त्याचा अर्थ बहुधा ‘हा एकमेव मार्ग आहे’ असा केला जातो. अट्ठकथा मात्र एका अर्थावर थांबत नाही. पहिला अर्थ ‘एकमग्गो’ : हा एकच मार्ग आहे, दोन फाटे फुटलेला नाही. मग ‘अथ वा’ने पुढचे पर्याय येतात : एकट्याने, गर्दी सोडून जाण्याचा, एकाचा, म्हणजे श्रेष्ठाचा, बुद्धाचा, एकाच ठिकाणी, म्हणजे याच धम्मविनयात असणारा, आणि एकाकडेच, म्हणजे निब्बानाकडे जाणारा.

असे अनेक पर्याय ओळीने दिलेले असतील तर समास किती प्रकारे सोडवता येतो, हे भाष्यकार दाखवत असतो. सगळे पर्याय सारख्या वजनाचे नसतात. त्यांतून निवड करण्यासाठी तोच शब्द तिपिटकात अन्यत्र, शक्यतो साध्या लौकिक संदर्भात शोधावा. एकायन मज्झिमनिकायाच्या महासीहनादसुत्तात तसा सापडतो. तिथे उन्हाने भाजलेला, तहानलेला माणूस ‘एकायनेन मग्गेन’ निखाऱ्यांनी भरलेल्या खड्ड्याच्या दिशेने चालला आहे. पाहणारा म्हणतो, हा ज्या वाटेला लागला आहे त्यावरून हा त्या खड्ड्याशीच पोहोचणार. पुढे विष्ठेचा खड्डा, विरळ सावलीचे झाड, दाट सावलीचे झाड, प्रासाद आणि पुष्करणी यांसाठी हीच शब्दयोजना पुन्हा येते.

आता पर्याय एकेक करून लावून पाहावेत. निखाऱ्यांच्या खड्ड्याकडे नेणारी वाट श्रेष्ठाची नाही, धम्मविनयातली नाही. ‘एकमेव’ही इथे बसत नाही, कारण खड्ड्याकडे दुसरी वाट नाही असे सांगण्याचा सुत्ताचा हेतूच नाही. माणूस एकटा असेलही, पण उपमेचा जोर त्यावर नाही. टिकतात ते दोन पर्याय, पहिला आणि शेवटचा : फाटा न फुटता एकाच ठिकाणी नेणारी वाट. बृहदारण्यक उपनिषदात (२.४.११) समुद्राला सर्व पाण्यांचे ‘एकायन’ म्हटले आहे, म्हणजे सगळे जिथे येऊन मिळते ते ठिकाण. तो पुरावाही याच बाजूला झुकतो. शिवाय ‘दुसरा मार्ग नाही’ असे स्पष्ट म्हणायचे तेव्हा पाली ते सरळ म्हणते : धम्मपदाच्या २७४ व्या गाथेत ‘एसोव मग्गो नत्थञ्ञो’ आहे, आणि ते अष्टांगिक मार्गाबद्दल आहे. म्हणून सतिपट्ठानाच्या वाक्याचा अनुवाद ‘थेट एकाच ठिकाणी नेणारा मार्ग’ असा करणे अधिक सुरक्षित. हा अर्थ अट्ठकथेच्या यादीतच होता, फक्त तो निवडायला तिपिटकाचा आधार लागला.

सतिपट्ठान दीघ आणि मज्झिम या दोन्ही निकायांत असल्याने हे विवरण दोन्हींच्या अट्ठकथांत जवळपास शब्दशः येते. ते दोन स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. एकाच परंपरेने तीच गोष्ट दोनदा लिहिली आहे. टीकाही बहुतेक वेळा अट्ठकथेचाच अर्थ खुलासा करून सांगतात, त्यामुळे ‘अट्ठकथा आणि टीका दोन्ही असेच म्हणतात’ याने पुरावा दुप्पट होत नाही.

शब्द अन्यत्र सापडतच नसेल, तर काम कठीण होते. महापरिनिब्बानसुत्तात चुन्द लोहार बुद्धाला शेवटचे जेवण देतो, त्यात ‘सूकरमद्दव’ आहे. हा शब्द या प्रसंगाबाहेर तिपिटकात येत नाही. उदानात तोच प्रसंग आहे. दीघ-अट्ठकथा म्हणते : फार कोवळ्या नाही आणि फार म्हाताऱ्या नाही अशा प्रमुख डुकराचे ‘पवत्तमंस’, ते मऊ आणि स्निग्ध असते. छट्ठ संगायनाच्या पाठात पुढे, काहींच्या मते हे पंचगोरसाच्या कढणासह शिजवलेल्या मऊ भाताचे नाव आहे, तर काहींच्या मते एक रसायन आहे, असेही दिले आहे. उदान-अट्ठकथा डुकराच्या मांसाचा अर्थ महाअट्ठकथा या जुन्या सिंहली भाष्याच्या नावावर देते आणि आणखी दोन मते जोडते : डुकरांनी तुडवलेले बांबूचे कोंब, किंवा डुकरांनी तुडवलेल्या जागी उगवलेली अळंबी.

इथे शब्दाच्या रूपाकडे पाहावे. ‘मद्दव’ हे मार्दवाचे नियमित पाली रूप आहे. कोंब आणि अळंबीचे अर्थ मात्र ‘मद्दित’ म्हणजे तुडवलेले या दुसऱ्याच शब्दावर उभे आहेत. त्यामुळे ते व्याकरणाच्या बाजूने कमकुवत ठरतात. मांसाचा अर्थ मऊपणाशी जुळतो, पण समासात ‘डुकराचे मऊ मांस’ आहे की ‘डुकराला आवडणारा मऊ पदार्थ’ आहे, हे रूपावरून ठरत नाही.

पवत्तमंस हा अर्थ सांगण्यासाठी वापरलेला शब्दही तपासावा लागतो. विनयाच्या महावग्गात सुप्पिया उपासिका आजारी भिक्खूसाठी नोकराला बाजारात पवत्तमंस आणायला पाठवते, आणि तो सांगतो की आज कत्तल बंद असल्याने ते मिळत नाही. म्हणजे पवत्तमंस हे आधीच विक्रीला असलेले, मुद्दाम मारून न घेतलेले मांस. आपल्यासाठी मारल्याचे पाहिले, ऐकले वा तशी शंका आली तर भिक्खूने ते मांस घेऊ नये, असा नियम आहे. दीघ-अट्ठकथेने हा शब्द वापरून पदार्थ काय होता हे सांगितलेच, शिवाय चुन्दाच्या दानात नियमभंग नव्हता हेही सुचवले. पहिले विधान शब्दार्थाचे, दुसरे विनयाच्या काळजीचे. अर्थ उचलताना ही दोन वेगळी ठेवावी लागतात.

गोव्यात सांखवाळ येथे जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’ या मराठी ग्रंथात हीच भाष्ये वाचकांपुढे ठेवली आणि अंगुत्तरनिकायाच्या पंचकनिपातातील उग्ग गृहपतीचे सुत्त जोडीला दिले. तिथे उग्ग बुद्धाला बोरे घालून शिजवलेले ‘सूकरमंस’ देतो. बुद्धाने डुकराचे मांस स्वीकारले होते, याला हा पुरावा बळकट आहे. मद्दव म्हणजे काय, हे मात्र त्यातून ठरत नाही. मांसासाठी सूकरमंस हा साधा शब्द होता, तर चुन्दाच्या प्रसंगी वेगळा शब्द का आला, हा प्रश्न शिल्लक राहतो. ते एखाद्या ठरावीक पदार्थाचे नाव असावे, हीच शक्यता मला जास्त पटते. म्हणून अनुवादात ‘सूकरमद्दव’ तसेच ठेवावे. टीपेत मांसाचा अर्थ महाअट्ठकथेच्या नावाने आणि बाकीचे ‘केचि’, ‘अञ्ञे’, ‘अपरे’ यांच्या नावाने द्यावेत, कारण कोणता अर्थ कोणाचा हे स्वतः धम्मपालाने वेगळे करून ठेवले आहे.