वाफाळत्या वडापावचे छायाचित्र (प्रॉम्प्टलेखन)

मजकुरावरून चित्र तयार करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून गाडीवरच्या गरम पदार्थाचे खऱ्यासारखे छायाचित्र मिळावे म्हणून लिहिलेली सूचना. पदार्थाचे गुणगान करण्यापेक्षा छायाचित्रकाराने काय पाहिले असते ते सांगितले, तर अशी सूचना साधते. ‘अतिशय वास्तववादी, चविष्ट, 8K’ असे शब्द लिहिले की चित्र बहुधा जाहिरातीच्या फलकाकडे झुकते, कारण असे शब्द गुळगुळीत, सजवलेल्या चित्रांसोबतच जास्त आढळतात. वडापाव हे याचे चांगले उदाहरण आहे.

सर्वांत अवघड भाग वाफेचा. पाण्याची खरी वाफ डोळ्यांना दिसत नाही. आपल्याला दिसतात ते ती थंड होताना बनलेले पाण्याचे बारीक थेंब. प्रकाश मागून आला तर हे थेंब तो मोठ्या प्रमाणात लेन्सच्या दिशेने विखुरतात आणि मागे काळोख असेल तर वाफ उठून दिसते. समोरून फ्लॅश मारला किंवा मागे पांढरी भिंत असली की ती जवळजवळ नाहीशी होते. म्हणून ‘वाफ येत आहे’ एवढेच लिहिणे पुरत नाही. प्रकाशाची दिशा आणि मागची गडद वस्तू सांगावी लागते. वाफ कुठून निघते तेही लिहावे. अख्ख्या वड्याचे बेसनाचे कवच वाफ बरीचशी आत धरून ठेवते. वडा मोडला की बटाट्यातून ती बाहेर पडते. हे सांगितले नाही तर साधन कधी पावातून, कधी चटणीतून धुरासारखा जाड लोट काढते आणि चित्र तिथेच खोटे पडते.

दुसरा भाग धूसरतेचा. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर 50 मिमी लेन्स, लेन्सचे छिद्र f/2.8 आणि सुमारे 45 सेंटीमीटर अंतर असेल, तर सव्वा सेंटीमीटरच्या आसपासचाच पट्टा सुस्पष्ट येतो. वडा त्याहून बराच मोठा, म्हणजे त्याची फक्त पुढची कड नीट दिसणार. छिद्र आणखी मोठे करून f/1.4 केले तर हा पट्टा निम्मा होतो आणि काय खायचे आहे तेच कळेनासे होते. अर्थात साधन हे गणित करत नाही. असे आकडे ज्या चित्रांसोबत आढळले त्यांची आठवण तेवढी ते वापरते. त्यामुळे आकड्यासोबत काय सुस्पष्ट आणि काय धूसर हे शब्दांत लिहिणे जास्त भरवशाचे. नमुना असा :

```
रस्त्याकडेच्या गाडीवरचा वडापाव, जवळून घेतलेले छायाचित्र.
लादीतून तोडलेला चौकोनी पाव, वरून तपकिरी, बाजू पांढऱ्या व फाटलेल्या.
वडा नुकताच मोडलेला; पिवळ्या बटाट्यातून विरळ वाफ वर जाते.
मागून डावीकडून सकाळचे तिरपे ऊन; मागे सावलीत काळी कढई.
50 मिमी, f/2.8, पदार्थाच्या उंचीवरून. मोडलेली कड सुस्पष्ट;
पुढची तळलेली मिरची थोडी धूसर, पावाची मागची बाजू अधिक, कढई सर्वाधिक.
साधा खाकी कागद, तेलाचा डाग, सांडलेली सुकी लसणाची चटणी.
```

पावाचे वर्णन इतके बारकाईने करण्याला कारण आहे. नुसते ‘पाव’ लिहिले तर पुष्कळदा तीळ लावलेला गोल बर्गरचा पाव येतो. ‘बर्गर नको’ असे लिहिणेही घातक ठरते, कारण अनेक साधने नकार नीट पकडत नाहीत आणि नाव घेतलेली वस्तूच चित्रात आणून ठेवतात. हवे ते रूप सांगणे हाच उपाय. वर्तमानपत्राचा तुकडा मागितला तर त्यावर अर्थहीन अक्षरे उमटण्याची शक्यता असते, म्हणून साधा कागद बरा. छापील कागदात खाद्यपदार्थ बांधू नयेत असे अन्नसुरक्षा प्राधिकरणही सांगते.

नैसर्गिक मांडणी म्हणजे पसारा नव्हे. तेलाचा एक डाग आणि चटणीचे चार कण पुरतात. कोथिंबिरीची पाने, तांब्याची वाटी, लाकडी फळी अशी भर पडली की गाडी जाऊन हॉटेलातले टेबल येते.

भाषेची मर्यादा साधनागणिक बदलते. 2022 मध्ये आलेल्या ‘स्टेबल डिफ्युजन’च्या सुरुवातीच्या आवृत्त्या एका वेळी 77 टोकनच, म्हणजे शब्दांचे तेवढेच तुकडे, वाचत, आणि देवनागरी शब्दांचे बरेच तुकडे पडत असल्याने वरचा नमुना तिथे अर्ध्यातच तुटला असता. अशा साधनांसाठी छोटी इंग्रजी सूचना लिहून पाव, वाफ आणि प्रकाश आधी घ्यावेत. आजची बरीच मोठी साधने मराठी समजतात. तरी ‘लादी’चा अर्थ फरशी असा घेतला गेला, तर ‘एकमेकांना चिकटून भाजलेले पाव’ असे लिहावे.

चित्र आल्यावर आधी सावल्या पाहाव्यात. वाफ उजळ आणि मिरचीची सावली मात्र मागच्या बाजूला पडलेली असेल, तर प्रकाश समोरून आला आहे आणि वाफ नंतर चिकटवल्यासारखी दिसेल. मग वड्याची कड पाहावी. खऱ्या लेन्सची धूसरता अंतराप्रमाणे हळूहळू वाढते. पदार्थ सगळाच्या सगळा स्पष्ट आणि त्याच्या कडेपासून लगेच एकसारखा धूसर पडदा, हे कापून लावल्याचे लक्षण. अशा वेळी पूर्ण सूचना नव्याने न लिहिता फक्त प्रकाशाचे किंवा फक्त धूसरतेचे वाक्य बदलावे, म्हणजे कोणत्या शब्दाने काय घडले ते कळते.