अवसायनातील देण्यांचा क्रम

कंपनी अवसायनात गेली, म्हणजेच लिक्विडेशनमध्ये निघाली, की तिची मालमत्ता विकून आलेला पैसा कोणाला आधी आणि कोणाला नंतर द्यायचा, हे कायद्याने ठरलेले असते. वरच्या वर्गाचे देणे पूर्ण फिटल्याशिवाय खालच्या वर्गाला काही मिळत नाही. एकाच वर्गात अनेक धनको असतील आणि पैसा अपुरा पडला, तर प्रत्येकाला दाव्याच्या प्रमाणात वाटा मिळतो. कोणाचे बिल जुने आहे किंवा कोणी जास्त तगादा लावला, याने त्यात फरक पडत नाही.

तारण घेतलेला धनको मात्र खऱ्या अर्थाने या रांगेत नसतोच. त्याचा हक्क ठरावीक मालमत्तेवर असतो. ती विकून आलेल्या रकमेतून तो आपले कर्ज वसूल करतो आणि उरले तरच बाकीच्यांच्या वाट्याला येते. प्रश्न निर्माण होतो तो तारण अपुरे पडल्यावर. भरून न निघालेल्या रकमेपुरता तो विनातारण धनको ठरतो आणि इतरांबरोबर वाटा मागतो.

हे एका साध्या उदाहरणात पाहू. एका कंपनीवर बँकेचे 80 लाखांचे कर्ज आहे, त्यासाठी कारखान्याची इमारत गहाण आहे. विक्रीखर्च वजा जाता इमारतीचे 60 लाख आले, ते सगळे बँकेला गेले. तिचे 20 लाख उरले. शिल्लक माल, यंत्रे आणि ग्राहकांकडची येणी मिळून आणखी 40 लाख जमा झाले. त्यातून आधी अवसायनाचा खर्च, म्हणजे अवसायकाचे मानधन, कायदेशीर खर्च वगैरे, 10 लाख गेला. मग अग्रहक्काची देणी, इथे कामगारांचे थकलेले पगार, 12 लाख. राहिले 18 लाख. आता विनातारण दावे पाहिले तर पुरवठादारांचे 52 लाख आणि बँकेचे उरलेले 20, असे 72 लाख होतात. त्यामुळे प्रत्येकाला 25 टक्के मिळतील. बँकेला आणखी 5 लाख मिळून तिची एकूण वसुली 65 लाख होते, पुरवठादारांच्या हाती मात्र 52 पैकी 13 लाखच येतात. भागधारकांचा क्रमांक सर्वांत शेवटी असल्याने त्यांना काहीच मिळत नाही.

इंग्लंडच्या कायद्यात हे चित्र तरत्या बोजामुळे पालटू शकते. हा बोजा एकाच वस्तूवर नसून सतत बदलणाऱ्या मालावर आणि येण्यांवर असतो. कंपनी चालू असताना ती तो माल मोकळेपणाने विकू शकते. असा बोजा बँकेकडे असता, तर वरचे 18 लाखही मुख्यतः तिच्याकडेच गेले असते. माल पुरवठादारांनी उधारीवर दिलेला असला तरी! तिथला कायदा म्हणूनच दोन ठिकाणी बँकेला अडवतो. अवसायनाचा खर्च आणि अग्रहक्काची देणी तरत्या बोजाच्या आधी फिटतात. शिवाय त्या मालमत्तेतला एक ठरावीक हिस्सा विनातारण धनकोंसाठी बाजूला काढला जातो. 2003 पासून आलेली ही तरतूद मला अत्यंत न्याय्य वाटते, कारण एरवी पुरवठादार रिकाम्या हाती परतले असते.

अग्रहक्क कोणाला द्यायचा, यावर मात्र देशोदेशीच्या कायद्यांचे एकमत नाही. इंग्लंडमध्ये पगाराच्या थकबाकीला तो मिळतो, पण शेवटच्या चार महिन्यांच्या पगारापुरता आणि माणशी फक्त 800 पौंडांपर्यंत. 1986 मध्ये ठरलेली ही मर्यादा महागाईप्रमाणे वाढवली गेली नाही. 2003 मध्ये तिथे सरकारी करांचा अग्रहक्क काढून घेतला होता. डिसेंबर 2020 पासून मूल्यवर्धित करासारख्या काही करांना तो दुय्यम स्वरूपात परत दिला गेला, आणि तेवढा तरत्या बोजावाल्यांचा व विनातारण धनकोंचा वाटा घटला. भारताच्या 2016 च्या दिवाळखोरी संहितेत, कलम 53 नुसार, कामगारांची 24 महिन्यांची देणी आणि तारणावरचा हक्क सोडून सामायिक रकमेत आलेला धनको एकाच पायरीवर असतात. तारण स्वतःच विकणाऱ्या धनकोची उरलेली रक्कम मात्र खालच्या पायरीवर जाते, पण तीही पुरवठादारांच्या वरच.

तारणाचा कागद असला म्हणजे तारण टिकलेच, असे नाही. बोजाची नोंद कंपनी निबंधकाकडे मुदतीत झाली नसेल, तर अवसायकावर तो बंधनकारक राहत नाही आणि धनको विनातारण वर्गात येतो. त्यामुळे अवसायक सर्वांत आधी नोंदणीची तारीख तपासतो. वरच्या उदाहरणातल्या बँकेने नोंद केली नसती, तर 100 लाखांतून 22 वजा जाऊन उरलेल्या 78 लाखांवर 132 लाखांचे दावे आले असते. सर्वांना सुमारे 59 टक्के मिळाले असते आणि पुरवठादारांची वसुली 13 वरून जवळपास 31 लाखांवर गेली असती.