मांजराची पिसू, उंदराची पिसू आणि डोळ्यापुढचा एक केस

पावसाळ्यात मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक निरोप हमखास फिरतो. जिन्याखाली मांजर व्याली आहे, पिसवा झाल्यात, पिसवांमुळे प्लेग होतो, तेव्हा मांजरांना दूध घालणाऱ्यांनी लगेच बंद करावं. त्याखाली अंगठे आणि हात जोडलेल्या बाहुल्यांची रांग लागते. निरोपातलं एकेक वाक्य सुटं घेतलं तर खोटं नाही. जिन्याखाली पिसवा असतीलही, आणि प्लेग पिसवांमुळे पसरतो हेही खरं. फक्त ती पिसू वेगळी. मुंबईत १८९६ साली मांडवीतून सुरू झालेला प्लेग ज्या पिसवेने घरोघरी नेला, ती उंदराची पिसू, झेनोप्सिला किऑपिस. मांजराची पिसू प्लेगच्या कामात फार कच्ची आहे. तिचा नेहमीचा त्रास म्हणजे खाज, गांधी आणि मांजराच्या पिल्लांना होणारी रक्ताची कमी.

मग जिन्याखालची पिसू कोणाची, हे कसं ठरवायचं? ती कुठे सापडली यावरून ठरवता येत नाही. मांजराची पिसू उंदरावर चढते, कुत्र्यावर राहते, माणसाला चावते. उंदीर मेला की त्याच्या पिसवाही गार पडलेलं अंग सोडून मिळेल त्या गरम अंगावर जातात. आकारावर तर अजिबात विसंबू नये, कारण रक्त पिऊन टम्म फुगलेली आणि उपाशी असलेली पिसू एकाच जातीची असूनही वेगळ्या दिसतात. ओळख पटते ती डोक्यावर.

पिसू दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी असते, म्हणून केसांच्या जंगलातून ती सहज सटकते. आपल्या दृष्टीने याचा फायदा असा की काचेवर ठेवली की ती आपोआप कुशीवर पडते आणि डोक्याची बाजू समोर येते. जिन्याखालून पांढरे मोजे घालून चालावं, चढलेली पिसू चिमट्याने स्पिरिटच्या बाटलीत टाकावी, आणि मेल्यावर काचपट्टीवर ग्लिसरिनच्या थेंबात ठेवून वर झाकणकाच लावावी. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाचं चाळीस ते शंभर पट मोठं करणारं भिंग पुरतं. पक्का नमुना करायचा असेल तर पिसू दहा टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये साधारण दिवसभर ठेवतात. आतलं रक्त-मांस विरघळतं आणि तपकिरी कवच पारदर्शक होतं. घाई केली तर पोट काळंच राहतं. विसरून दोन-तीन दिवस ठेवली तर ती इतकी फिकी होते की बघायचे केसच दिसेनासे होतात.

आता भिंगाखाली पहिली गोष्ट बघायची ती फणी. मांजराच्या पिसवेच्या गालाच्या खालच्या कडेला जाड, काळपट दातांची आडवी ओळ असते, उवा काढायच्या फणीच्या दातांसारखी. दात एका बाजूला साधारण आठ. डोक्यामागच्या पहिल्या कड्यावर, म्हणजे मानेवर, तशाच दातांची दुसरी, उभी फणी असते. या दोन्ही फण्या दिसल्या की ती ना उंदराची पिसू, ना माणसाची, कारण त्या दोघींना एकही फणी नसते. बहुतेक वेळा शोध इथेच संपतो.

फणीचे दात आणि साधे राठ केस यांत गफलत होते, त्यामुळे एक खूण लक्षात ठेवावी. केस बारीक असतो, टोकाकडे निमुळता होतो आणि कवचातल्या गोल खोबणीतून उगवतो. फणीचा दात रुंद, सपाट आणि शेजारच्या दाताला जवळजवळ चिकटलेला असतो. माणसाच्या पिसवेच्या मानेवरही केसांची एक ओळ असते आणि नवखा माणूस तिलाच फणी म्हणून मोकळा होतो. उलट बाजूचा घोटाळाही होतो. पारदर्शक नमुन्यात पलीकडच्या गालाची फणी अलीकडच्या फणीवर पडते आणि दात पंधरा-सोळा मोजले जातात. सूक्ष्मदर्शकाचा बारीक स्क्रू हळूहळू फिरवला की आधी एक ओळ स्पष्ट होते, मग ती पुसट होऊन दुसरी वर येते. मोजायची ती एकच.

फणी असलेल्यांमध्येही पोटभेद आहेत. मांजराच्या मादी पिसवेचं डोकं लांबट, कपाळाकडून तोंडाकडे उतरत गेलेलं, उंचीच्या जवळजवळ दुप्पट लांब असतं आणि फणीचे पहिले दोन दात साधारण सारख्याच लांबीचे असतात. कुत्र्याच्या पिसवेचं डोकं आखूड, गोलसर असतं आणि पहिला दात दुसऱ्यापेक्षा स्पष्ट बुटका. आपल्याकडे शेळ्या-मेंढ्यांवर आणि कुत्र्यांवर याच घराण्यातली तिसरी एक पिसू मिळते, तिचंही डोकं आखूड असतं. म्हणून कुत्र्यावरची पिसू दिसली की लगेच युरोपातल्या पुस्तकातलं नाव देऊन टाकू नये. नरांची डोकी तशीही माद्यांपेक्षा कमी लांब असतात, म्हणजे डोक्याच्या आकारावरून निवाडा करायचा तर मादीच घ्यावी. घराच्या बाबतीत एवढ्या खोलात जायची गरज नाही. दोन फण्या दिसल्या, प्लेगची पिसू नव्हे, विषय संपला. या पिसवांसाठी ऑनलाइन विकली जाणारी अल्ट्रासॉनिक लॉकेटं घेऊ नयेत. तपासण्यांमध्ये पिसवांवर त्यांचा परिणाम दिसलेला नाही. अंथरुणं गरम पाण्यात धुणं आणि कोपरे झाडून काढणं त्यापेक्षा कितीतरी कामाचं, कारण अळ्या मांजराच्या अंगावर नसतात, कोपऱ्यातल्या धुळीत असतात.

खरी गंमत पुढे आहे. फणी नसलेल्या दोन पिसवा उरल्या, उंदराची आणि माणसाची. दोघींचं डोकं पुढून गोल, दोघींचा रंग तपकिरी, दोघी माणसाला चावतात. मुंबईच्या प्लेगमध्ये वादाचा मुद्दा नेमका इथेच अडकला होता. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून पिसू हाच दुवा असल्याचं सांगितलं, पण अनेकांना ते पटलं नाही. त्यांचा आक्षेप होता की उंदराची पिसू उंदरावर आणि माणसाची माणसावर, मग रोग इकडून तिकडे जाईल कसा? परळच्या प्रयोगशाळेतल्या ग्लेन लिस्टन यांनी शतकाच्या सुरुवातीला याचं उत्तर शोधलं ते चाळींत पिसवा पकडून. उंदीर मेलेल्या चाळीतल्या माणसांच्या अंगावरून धरलेल्या पिसवांमध्ये उंदराच्या पिसवा मोठ्या प्रमाणात निघाल्या. जिथे उंदीर मेले नव्हते, तिथल्या माणसांवर त्या जवळजवळ नव्हत्या. हा पुरावा उभा राहतो तो एकाच अटीवर, की फणी नसलेल्या पिसवांमधली उंदराची कुठली आणि माणसाची कुठली हे प्रत्येक वेळी अचूक ओळखता आलं पाहिजे.

ती ओळख मोजक्या केसांत आहे. पिसवेच्या डोळ्याजवळ एक ठळक लांब केस असतो. उंदराच्या पिसवेत तो डोळ्याच्या पुढे उगवतो, माणसाच्या पिसवेत डोळ्याच्या खाली. वाचायला हे सोपं वाटतं, पण पिसू जराशी तिरकी पडली की ‘पुढे’ आणि ‘खाली’ यांतला फरक डगमगतो. म्हणून केसाच्या टोकाकडे बघायचं नाही, तो ज्या खोबणीतून निघतो ती शोधायची. केस स्पिरिटमध्ये हलवताना तुटलेला असला तरी खोबणीचं गोल वळं जागेवर राहतं. तुटलेले केस हीच नवशिक्यांची मोठी अडचण असते आणि खोबण बघायची सवय लागली की ती मिटते.

दुसरी खूण डोक्याच्या मागच्या भागावर. पिसवेची आखूड मिशी डोक्याच्या बाजूला एका खाचेत मिटून बसलेली असते. त्या खाचेच्या मागे उंदराच्या पिसवेला केसांच्या ओळी असतात आणि त्या मिळून इंग्रजी व्ही अक्षराचा आकार होतो. माणसाच्या पिसवेला तिथे एकच ठळक केस असतो. मला ही खूण डोळ्याजवळच्या केसापेक्षा जास्त भरवशाची वाटते, कारण ओळीतले दोन-तीन केस गळले तरी आकार कळतो. शंका राहिलीच तर नजर डोक्यावरून खाली, मधल्या पायाच्या वरच्या पट्टीवर न्यावी. उंदराच्या पिसवेत या पट्टीला उभी छेदणारी एक जाड दांडी असते, कवचाचीच घडी. माणसाच्या पिसवेत ती पट्टी सलग असते. साफ केलेल्या नमुन्यात ही दांडी इतकी स्वच्छ दिसते की तेवढ्यावर निकाल देता यावा.

इथपर्यंत आलेल्या वाचकाला वाटेल की फणी नाही, व्ही आहे, दांडी आहे, म्हणजे प्लेगची पिसू सापडली. अजून एक पायरी उरते आणि ती डोक्यावर नाही. आपल्याकडच्या उंदरांवर किऑपिसची एक सख्खी बहीण राहते, झेनोप्सिला अ‍ॅस्टिया. तिचं डोकं, केस, दांडी सगळं हुबेहूब. फरक शेपटाकडे दिसतो. मादीच्या पोटाच्या मागच्या भागात वीर्य साठवणारी एक छोटी गडद पिशवी असते आणि साफ केलेल्या नमुन्यात ती कवचातून दिसते. किऑपिसमध्ये पिशवीचं डोकं आणि तिची शेपटी जिथे जोडतात तिथे दोन्ही साधारण सारख्याच रुंद असतात, अ‍ॅस्टियामध्ये शेपटीच रुंद. मद्रासमध्ये अ‍ॅस्टियाचं राज्य होतं आणि तिथे प्लेगने मुंबईसारखा जम बसवला नाही. प्लेगचे जंतू किऑपिसच्या घशाशी गठ्ठा करून अन्नमार्ग बंद करतात. भुकेली पिसू पुन:पुन्हा चावते आणि दर वेळी जंतू जखमेत उलटतात. अ‍ॅस्टिया या कामात बरीच मागे पडते.

म्हणूनच उंदीर पकडून त्यांच्या पिसवा मोजतात तेव्हा दोन आकडे काढावे लागतात. समजा, एका बाजाराच्या आवारात २० उंदीर पकडले आणि पांढऱ्या ताटावर विंचरून ३४ पिसवा मिळाल्या. उंदरामागे १.७ पिसवा, म्हणजे एकूण आकडा एकच्या वर. धोक्याचा इशारा मात्र या आकड्यावर दिला जात नाही. तो दिला जातो उंदरामागच्या किऑपिसच्या आकड्यावर आणि तो एकच्या वर गेला तर. त्या ३४ पैकी ७ पिसवांना गालावर फणी निघाली, त्या मांजराच्या. उरलेल्या २७ सगळ्या बिनफणीच्या, व्ही असलेल्या, दांडी असलेल्या. त्यांतल्या १५ तपासाअंती अ‍ॅस्टिया ठरल्या. किऑपिस उरल्या १२, उंदरामागे ०.६. फणी न बघता सगळ्या पिसवा एकत्र मोजणाऱ्याने त्या बाजारात धोक्याची घंटा वाजवली असती. फक्त फणी बघून थांबणाऱ्यानेही वाजवली असती, कारण २७ ला २० ने भागलं तर १.३५ येतात.