ब्लू-ब्लॅकमधला निळा उन्हात जातो कुठे?

लग्नसराई आली की इंदूरच्या राजवाड्याच्या आसपासच्या कॉस्मेटिकच्या दुकानांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "दीदी, नॅचरल ब्लॅक नको, ब्लू-ब्लॅक घ्या, उन्हात मस्त निळी शाइन मारतो." डब्यावरच्या मॉडेलचे केसही तसेच निळसर. मग दीदी डबा घेऊन घरी येते, केस रंगवते, दुसऱ्या दिवशी गच्चीवर जाऊन आरशात बघते तर निळं काहीच नाही, नुसतं काळं. आणि तोच डबा तिच्या सासूबाई लावतात तर त्यांच्या कानशिलावर चक्क शाईसारखा निळा-जांभळा रंग, सगळ्या हळदीच्या फोटोंमध्ये दिसणारा. डबा एक, कंपनी एक, ऊन पण एकच. हे असं का होतं ते कळायला आधी एक गोष्ट पक्की करू, रंग कुठलाही असो, तो केसातून प्रकाश फक्त काढून घेतो, नवीन प्रकाश घालत नाही. बाकी सगळं यातूनच येतं.

आपले केस काळे दिसतात ते मेलॅनिनमुळे, हे शाळेत झालंय. पण मेलॅनिन सगळे रंग सारखे शोषत नाही. निळा-जांभळा सगळ्यात जास्त, हिरवा त्याहून कमी, लाल सगळ्यात कमी. त्यामुळे जो काही थोडाफार प्रकाश केसातून निसटून बाहेर येतो तो लालसर-तपकिरी असतो. कधीही रंग न लावलेला काळा केस घ्या आणि उन्हासमोर धरा, कडेला तपकिरी झाक दिसणारच. "माझे केस उन्हात लाल दिसतात, काहीतरी कमी आहे शरीरात" असं म्हणून लोक गोळ्या खायला लागतात, पण बऱ्याचदा ते नुसतं ऑप्टिक्स असतं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग, थोडा धीर धरा. एका केसावर ऊन पडलं की त्यातून प्रकाश मुख्यतः तीन वाटांनी आपल्या डोळ्यापर्यंत येतो. पहिली वाट म्हणजे वरच्या पृष्ठभागावरूनच परत. केसाचं बाहेरचं आवरण पारदर्शक केराटिनच्या खवल्यांचं असतं, त्याचा अपवर्तनांक साधारण १.५५, त्या हिशेबाने समोरून पडलेल्या प्रकाशातला साडेचार टक्क्यांच्या आसपास प्रकाश आत न जाताच परत फिरतो (तिरका पडला तर जास्त). हा प्रकाश मेलॅनिनला भेटलेलाच नसतो, रंगाला पण नाही. म्हणून त्याचा रंग म्हणजे जिथून आला त्याचा रंग. सूर्याकडून आला तर पांढरा, आकाशाकडून आला तर निळा. हो, निळा! सावलीत उभं राहा, डोक्यावर मोकळं आकाश असू द्या, तेल लावलेले साधे काळे केससुद्धा निळसर चमकतात, त्यात डायचा काही संबंध नसतो.

दुसरी वाट, प्रकाश केसात शिरतो, पलीकडच्या आतल्या भिंतीवर आपटतो आणि परत आपल्याकडे येतो. म्हणजे केसाची जाडी ७० मायक्रॉन धरली तर साधारण १४० मायक्रॉनचा प्रवास, तो पण मेलॅनिनच्या कणांमधून. या वाटेने येणारा प्रकाश रंगीत असतो. तिसरी वाट म्हणजे आरपार, सूर्य केसांच्या मागे असेल तेव्हा दिसणारी.

गंमत अशी की पहिल्या दोन वाटांचे डोक्यावर दोन वेगळे पट्टे दिसतात. केसाचे खवले अगदी सपाट बसलेले नसतात, त्यांची मोकळी कड टोकाच्या बाजूला किंचित उचललेली असते, सुमारे ३ अंश. एवढ्याशा तिरकेपणामुळे पांढरा पट्टा टोकाकडे सरकतो आणि रंगीत पट्टा मुळाकडे. स्टीफन मार्शनर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली याचं व्यवस्थित मॉडेल मांडलं, कशासाठी तर कॉम्प्युटरवर खरे वाटणारे केस काढता यावेत म्हणून. तपकिरी केसांवर हे दोन पट्टे सहज वेगळे दिसतात. आपल्या काळ्या केसांत मात्र दुसरा पट्टा इतका अंधुक असतो की घरात दिसतच नाही. खोलीत ट्यूबलाइटखाली २००-३०० लक्स प्रकाश, दुपारच्या उन्हात एक लाखाच्या आसपास. म्हणजे काहीशे पट. त्या अंधुक पट्ट्यातली तपकिरी झाक डोळ्याला जाणवायला एवढा प्रकाश लागतो. म्हणून "घरात काळे, बाहेर लाल".

आता डाय. पर्मनंट काळ्या रंगाच्या ट्यूबमध्ये तयार काळा रंग नसतो. त्यात पीपीडी नावाचा (पॅरा-फिनिलिनडायअमाइन) बिनरंगाचा छोटा रेणू असतो आणि त्याच्या जोडीला कपलर नावाचा दुसरा रेणू. अमोनिया केस फुगवतो, हायड्रोजन पेरॉक्साइड पीपीडीला ऑक्सिडाइज करतो, मग तो कपलरला धरतो आणि केसाच्या आतच मोठा रंगीत रेणू तयार होतो जो बाहेर पडू शकत नाही. रंग कोणता येणार हे कपलर ठरवतो. रिसॉर्सिनॉलबरोबर हिरवट तपकिरी, मेटा-अमिनोफिनॉलबरोबर लालसर तपकिरी, आणि डायअमिनोफिनॉक्सीइथेनॉल नावाच्या लांबलचक भिडूबरोबर निळा. डब्याच्या मागे बारीक अक्षरात ही नावं असतात, भिंग घेऊन वाचा.

आणि इथे बहुतेकांना न माहीत असलेली गोष्ट येते. निळा नॅचरल ब्लॅकमध्ये पण असतो. नुसते तपकिरी रेणू कितीही भरले तरी उन्हात ते तपकिरीच दिसणार, म्हणून त्यात मोजून निळा घालतात. आपल्या आज्या पांढऱ्या धोतराला नीळ द्यायच्या तसंच हे, पिवळेपणा मरायला हवा तेवढीच नीळ, जास्त झाली की धोतर निळं. नॅचरल ब्लॅक म्हणजे मापात दिलेली नीळ आणि ब्लू-ब्लॅक म्हणजे मुद्दाम जास्त दिलेली. ट्यूबवर बऱ्याच कंपन्या १ किंवा १.० आणि १.१ असे नंबर टाकतात, त्यातला पॉइंटच्या आधीचा १ म्हणजे काळ्याची खोली आणि नंतरचा १ म्हणजे निळी-राखाडी झाक. पण नंबर कंपनीगणिक बदलतात, एकाचा नंबर बघून दुसऱ्याचा घेऊ नका.

मग दीदीच्या केसांत काय झालं? तिचे केस मुळात काळे. त्यातलं मेलॅनिन निळा प्रकाश आधीच खाऊन बसलंय, थोडा लाल सुटत होता. ब्लू-ब्लॅकचे रेणू पिवळा-केशरी-लाल भाग शोषतात, म्हणजे जे सुटत होतं तेच नेमकं यांनी अडवलं. दुसऱ्या वाटेने आता जवळजवळ काहीच बाहेर येत नाही. केस निळे झाले नाहीत, फक्त त्यांचा लाल गेला. उरला पहिल्या वाटेचा पांढरा पट्टा, आकाशाची निळी झाक आणि खाली गर्द काळं, याला पार्लरवाल्या "कूल ब्लॅक" म्हणतात आणि बरोबरच म्हणतात. सासूबाईंच्या कानशिलावर मात्र केस पांढरे होते, म्हणजे मेलॅनिन नाहीच, निळा खायला कोणी नाही. तिथे रंग एकट्या डायचा, म्हणून उन्हात तो खरा निळा दिसला.

हे मी करून बघितलं. सलूनमधून काळ्या आणि पांढऱ्या केसांच्या बटा मागून आणल्या (सलूनवाल्याने असं काही बघितलं की बस!), धुतल्या, प्रत्येकीच्या दोन-दोन करून एकीला नॅचरल ब्लॅक, दुसरीला ब्लू-ब्लॅक, दोन्हीला डब्यावर लिहिलेला सारखाच वेळ. ट्यूबलाइटखाली चारही बटा काळ्या, ओळखून दाखवा म्हटलं तर घरात कोणाला जमलं नाही. दुपारी गच्चीवर सूर्याकडे पाठ करून बघितल्या तर पांढऱ्याची ब्लू-ब्लॅक बट लगेच वेगळी पडली. मग त्या माझ्या आणि सूर्याच्या मध्ये धरून, विरळ पसरवून बघितल्या, म्हणजे तिसरी वाट. आता नॅचरल ब्लॅक लावलेली पांढरी बट गडद तपकिरी, ब्लू-ब्लॅक लावलेली पांढरी बट शाईची निळी, मूळच्या काळ्या केसांपैकी नॅचरल ब्लॅकवाली कडेला जराशी तपकिरी आणि ब्लू-ब्लॅकवाली नुसती काळी. निळं चमकणं आकाशाचं आहे की डायचं, हे ओळखायची पण हीच ट्रिक, आकाशाचा निळा बट फिरवली की सरकतो आणि आरपार बघताना नाहीसा होतो, डायचा निळा आरपार बघताना जास्त उठतो.

वेळेचा पण फरक पडतो. इंदूर कर्कवृत्ताच्या जरा दक्षिणेला, २२.७ अंशावर, त्यामुळे जूनमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर, चकाकीचा पट्टा माथ्यावर भांगाजवळ. डिसेंबरात दुपारी सुद्धा तो ४४ अंशांवरच असतो, पट्टा खाली उतरून कपाळाच्या आणि कानाच्या बाजूला येतो, म्हणजे नेमका जिथे पांढरे केस जास्त असतात तिथे. हिवाळ्यातल्या लग्नांत सासूबाईंचं गुपित जास्त फुटतं ते त्यामुळे. संध्याकाळी ऊन तांबूस होतं, त्यात निळाच कमी, आणि हॉलमधल्या पिवळ्या दिव्यांखाली तर ब्लू-ब्लॅक आणि नॅचरल ब्लॅक यांत फरक शोधणं म्हणजे वेळ घालवणं.

मध्येच एक सांगून टाकतो. "शंभर टक्के हर्बल काळी मेंदी" म्हणून जी पावडर अर्ध्या तासात कुळकुळीत काळं करते ती नुसती मेंदी असूच शकत नाही, मेंदीतला लॉसोन केशरी-लाल रंग देतो. अशा पाकिटांत बऱ्याचदा पीपीडीच असतं, आणि पीपीडीची ॲलर्जी काही लोकांना भयंकर त्रास देते, चेहरा सुजेपर्यंत. गुरुवारी केस धुवायचे नाहीत हे जेवढ्या कडकपणे पाळलं जातं त्याच्या निम्म्यानेसुद्धा कोणी रंग लावायच्या ४८ तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला पॅच टेस्ट करत नाही.

मग घ्यायचं काय? कानशिलं आणि भांग बऱ्यापैकी पांढरे असतील तर माझं मत सरळ नॅचरल ब्लॅक. केस बहुतेक काळेच आहेत आणि फक्त उन्हातला लालपणा खटकतोय, तर ब्लू-ब्लॅक. मधलं हवं असेल तर एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे दोन्ही शेड अर्धे-अर्धे मिसळता येतात, पार्लरमध्ये हे सर्रास करतात.

आणि दोन महिन्यांनी केस पहिल्यापेक्षा जास्त लाल दिसायला लागले तर दुकानदाराशी भांडू नका. पेरॉक्साइडने रंग बनवता बनवता तुमचं स्वतःचं मेलॅनिन पण थोडं उडवलेलं असतं, डाय धुऊन कमी होत गेला की खालचं ते फिकट तांबूस वर येतं. लोक मग दर वेळी मुळापासून टोकापर्यंत पुन्हा रंग चोपडतात, त्याने टोकं थरावर थर घेऊन निस्तेज होतात आणि खवले उचकटल्यामुळे तो पांढरा पट्टा पण विस्कटतो, केस काळे असून उन्हात मळकट दिसतात. रंग फक्त नव्याने उगवलेल्या मुळांना लावायचा, आणि टोकांवर अगदी शेवटची पाच मिनिटं ओढून घ्यायचा, ते पण खरंच फिकट पडली असतील तरच.